आधी नगांची वही, भावाची नंतर

*मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, टॅलीचा कोर्सही केला. सरळसेवेच्या परीक्षा देतेय, अजून कुठे नंबर लागला नाही. तालुक्याच्या गावात ओळखीच्या काकांचं स्टेशनरीचं दुकान आहे. शाळा सुरू व्हायच्या वेळेला त्यांची फार धांदल होते. त्यांना पत्र लिहून अर्धवेळ बिलं करण्याचं आणि मालाची नोंद ठेवण्याचं काम मागावं असं मनात आहे. मसुदा केलाय. त्यात शिक्षण, टॅली, एमएस-सीआयटी, टायपिंग सगळं लिहिलंय, आणि 'तुमचं दुकान पूर्ण संगणकीकृत करून देईन, जीएसटीचंही बघेन' असंही. मैत्रीण म्हणते, पगाराचं लिहिलंस तर नाहीच म्हणतील. बाबा म्हणतात, पदवी घेऊन दुकानात उभी राहणार का? पत्र द्यावं का, आणि त्यात काय लिहावं?*

*— एक वाचक*

पत्र द्या. पण हा मसुदा देऊ नका. त्यातलं 'पूर्ण संगणकीकृत' आणि 'जीएसटी' हे दोन शब्द तर आजच खोडून टाका.

तालुक्याच्या गावांतल्या दुकानांची हिशोबाची पुस्तकं मी बरीच वर्षं लिहीत आलो आहे, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. लहान दुकानदार तीन गोष्टी बाहेरच्या माणसापासून झाकून ठेवतो: मालाचा खरेदीभाव, उधारीची वही आणि दिवसाचा गल्ला. तुम्ही कधी नीट पाहिलं असेल, तर जुन्या दुकानात पेनच्या डब्याच्या कडेला पेन्सिलीने दोन-तीन अक्षरं लिहिलेली असतात. तो खरेदीभाव असतो, मालकाच्या खुणेच्या अक्षरांत. काउंटरवरच्या पोरालाही तो कळू नये म्हणून. आणि अशा माणसाला तुम्ही पहिल्याच पत्रात सांगताय की तुमचा सगळा धंदा मी संगणकावर चढवते. तुम्हाला यात तुमची हुशारी दिसते. त्यांना दिसेल की या पोरीच्या हातात आपलं सगळं जाणार, आणि उद्या हिची परीक्षा निघाली की ही चालली.

त्यांनी नाही म्हटलं तर तुमचं शिक्षण कमी पडलं असं तुम्हाला वाटेल. खरं म्हणजे शिक्षणाचा प्रश्न तिथे येतच नाही. मग मसुद्यात प्रमाणपत्रांची यादी आणखी वाढवून काय होणार?

म्हणून काम असं मागा की ज्यात या तिन्ही गोष्टींना हात लावावा लागत नाही, आणि तरीही काकांची खरी अडचण सुटते. असं एक काम आहे. ते म्हणजे नगांची नोंद: कोणता माल किती आला, किती गेला, किती उरला. भाव नाही, रुपये नाहीत, फक्त आकडा.

ही अडचण किती मोठी आहे ते आपल्या भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. नेमकी तीच पेरणीची वेळ. घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, म्हणून वह्या-कंपास बऱ्याच घरांत उधारीवर येतात आणि त्या उधारीचा पैसा कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे परत येतो. म्हणजे काकांनी मे महिन्यात नागपूर-अमरावतीच्या ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलायचा, जूनअखेर पंधरा-वीस दिवसांत तो विकायचा आणि पैशाची वाट पाच महिने पाहायची. अशा वेळी दोनशे पानी वह्या गरजेपेक्षा जास्त आल्या तर रोकड अडकते. चाररेघी वह्या संपल्या तर गिऱ्हाईक कंपास, रंगपेटी, कव्हर सगळंच शेजारच्या दुकानातून घेतं. मागच्या वर्षी कोणती वही किती गेली, याचा आकडा काकांच्या डोक्यात आहे. कागदावर बहुधा नाही.

आता ही नोंद कशी ठेवायची ते सांगतो, कारण पत्रात एक ओळ लिहिली तरी काका समोरासमोर विचारतील, "पण करशील कशी?" तिथे अडखळून चालणार नाही.

पहिल्या दिवशी सगळं दुकान मोजायला जाऊ नका. स्टेशनरीच्या दुकानात हजारभर प्रकारचा माल सहज असतो. तुम्ही रिफिली मोजत बसाल आणि जुलै उजाडेल. फक्त वह्यांचं रॅक घ्या. शंभर पानी, दोनशे पानी, लाँगबुक, एकरेघी, दोनरेघी, चाररेघी, चौकटी, चित्रकलेची वही, प्रयोगवही. कंपनीप्रमाणे वेगळे धरले तरी वीस-पंचवीस प्रकारांत हे बसतं, आणि हंगामात काकांचा सर्वांत जास्त पैसा याच रॅकमध्ये असतो. एक जाड रजिस्टर घ्या, एका प्रकाराला एक पान. रकाने पाच: तारीख, तपशील, आवक, जावक, शिल्लक. छापील किंमत बदललेला माल आला तर त्याला नवीन पान. चाळीसची आणि पंचेचाळीसची वही एकाच पानावर लिहिली की पुढे काही जुळत नाही.

सगळ्या नोंदी नगात करा. यात सगळ्यात जास्त घोळ होतो. ठोक व्यापाऱ्याचं बिल डझनात असतं, पेन-पेन्सिलचं कधी ग्रोसमध्ये, म्हणजे १४४ नग. काउंटरवर विक्री सुट्या नगात. एका रकान्यात डझन आणि दुसऱ्यात नग असं झालं की रजिस्टर गेलंच. बिल हातात आलं की आधी पेन्सिलीने त्याच्या कडेला नग काढून लिहायचे, मग रजिस्टरला उतरवायचे.

जावक कुठून कळणार? मोठा माल बिलावरून कळतो. शाळा, अंगणवाडी, शिकवणीचे सर यांना बिल लागतंच. सुट्या विक्रीसाठी रॅकच्या खिळ्याला एक कागद दोरीने लटकवा. वही गेली की काउंटरवरच्या पोराने त्या प्रकारासमोर एक रेघ मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. गर्दीत तो विसरेल. विसरू द्या, ते आठवड्याच्या मोजणीत दिसतं. रिफील, खोडरबर, पेन्सिल अशा बारीक मालाच्या नादी लागू नका. तिथे फुटलेला डबा आणि बंद डबे एवढंच मोजायचं.

दर शुक्रवारी, किंवा आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, रॅक मोजायचं आणि रजिस्टरची शिल्लक त्याच्याशी ताडून पाहायची. तुमचं खरं काम हेच, बाकी सगळी याची तयारी. एक उदाहरण घेऊ.

समजा दोनशे पानी वही सुरुवातीला मोजली तेव्हा १८ डझन ४ नग निघाल्या, म्हणजे २२० नग. मग ठोक व्यापाऱ्याचा माल आला: बिलावर ३६ डझन, आणि खाली 'स्कीम ३ डझन', म्हणजे बारा डझनामागे एक डझन फुकट. तुम्ही ३९ डझन, म्हणजे ४६८ नग आवक धरली. एकूण ६८८. शाळांची बिलं आणि रेघांचा कागद मिळून ३९१ गेल्या. रजिस्टर म्हणतं २९७ उरायला हव्यात. रॅकवर मोजल्या तर २६१. छत्तीस कमी.

इथे नवखा माणूस घाबरतो, नाहीतर काउंटरवरच्या पोराकडे संशयाने पाहतो. तुम्ही आधी फरकाचा आकडा पाहा. ३६ म्हणजे बरोबर तीन डझन. बारा, छत्तीस, बहात्तर, एकशे चव्वेचाळीस असा घडीव फरक निघाला तर गडबड बहुधा कागदावर किंवा गठ्ठ्यात असते: डझनाचा नग करताना चूक, बिल दोनदा उतरवलेलं, किंवा गठ्ठाच आलेला नाही. वेडावाकडा फरक, सात, तेवीस, एकतीस असा, तो सुट्या विक्रीच्या न मारलेल्या रेघांचा. चोरी हा शेवटचा अंदाज, आणि तो तुम्ही नाही, मालकाने करायचा.

आता ३६ चं मूळ शोधायचं तर ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, काढा. बिल्टीवर गठ्ठ्याला डाग म्हणतात. समजा गठ्ठा सहा डझनांचा आहे. छत्तीस डझनांचे सहा डाग झाले, आणि स्कीमचा तीन डझनांचा सातवा लहान डाग हवा. बिल्टीवर डाग सहाच. म्हणजे फुकटच्या वह्या बिलावर आल्या, दुकानात आल्याच नाहीत. काकांनी त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला फोन केला तर तीन डझन पुढच्या मालासोबत येतील. दिवाळीला केला तर "आम्ही तर पाठवल्या होत्या" हे उत्तर ठरलेलं. वही अठ्ठावीस रुपयांना पडत असेल तर हा हजार रुपयांचा माल आहे. असा एक फरक तुम्ही दाखवला की काका स्वतःच तुम्हाला दुसरं रॅक दाखवतील. म्हणूनच माल उतरेल त्या दिवशी बिल, बिल्टी आणि डाग तिन्ही एकत्र मोजायची सवय लावून घ्या, मग फरक शोधायची वेळच कमी येईल.

रजिस्टर महिनाभर जुळलं की मगच ते संगणकात घ्या. तिथेही पाच रकाने तसेच ठेवायचे. 'आवक' C मध्ये, 'जावक' D मध्ये, 'शिल्लक' E मध्ये असेल, आणि E2 मध्ये सुरुवातीची मोजणी असेल, तर E3 मध्ये एवढंच:

```
=E2+C3-D3
```

आणि हेच खालपर्यंत ओढायचं. टॅली त्यानंतर. टॅलीत पहिल्याच दिवशी चुकीची सुरुवातीची शिल्लक भरली की पुढचे सगळे आकडे देखणे आणि खोटे निघतात.

आता बिलांकडे वळू. तुमचा समज असा दिसतो की प्रत्येक गिऱ्हाइकाला संगणकावर बिल द्यायचं. जूनअखेरच्या गर्दीत पाच रुपयांच्या खोडरबराला बिल करायला कोणी थांबत नाही, आणि कायद्यानेही तशी सक्ती केलेली नाही. दुकान जीएसटीत नोंदणीकृत असलं तरी २०० रुपयांच्या आतली विक्री, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि बिल मागत नसेल, तर दिवसअखेर एका एकत्रित बिलात घेता येते. म्हणून तुमचं बिलाचं काम दोनच: शाळा-कार्यालयांची तपशीलवार बिलं आणि रोजचं एकत्रित बिल. रोजच्या बिलाला दिवसाच्या विक्रीचा आकडा लागतो, तो काका सांगतील तेव्हाच लिहायचा. तुम्ही गल्ला मोजायला बसू नका.

पण पहिलं बिल करण्याआधी काकांना एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो पत्रात नाही, कामावर गेल्यावर: दुकान जीएसटीत नोंदलेलं आहे का, असेल तर साधं की कंपोझिशनचं, म्हणजे लहान व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या योजनेतलं? वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर मालाच्या दुकानाला सहसा नोंदणी लागत नाही. अशा दुकानाने बिलावर कर दाखवायचाच नाही. कंपोझिशन असेल तरीही बिलावर कर वेगळा लावता येत नाही, आणि आपण कंपोझिशनवाले आहोत, कर घेऊ शकत नाही, हे बिलाच्या वर लिहावं लागतं. साध्या नोंदणीतच करासकट बिल होतं. ही तीन बिलं तीन तऱ्हेची आहेत, आणि तुम्ही टॅलीच्या कोर्सात शिकलेलं बिल फक्त तिसऱ्या तऱ्हेचं असतं.

त्यातही दुकानात जुनं सॉफ्टवेअर असेल तर कराचे दर एकदा तपासून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि नकाशे यांच्यावर जीएसटी शून्य झाला. कंपासपेटी आणि रंगपेटी १२ वरून ५ टक्क्यांवर आली. पेनवर १८ टक्के तसेच राहिले. कोणी बदल न केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वहीवर अजून १२ टक्के लागत असतील, तर ते गिऱ्हाइकाकडून उगाच घेतलेले पैसे आहेत. हे सापडलं तर स्वतः दर बदलू नका; काकांना आणि त्यांच्या कर सल्लागाराला दाखवून बदला.

आणि जीएसटीचं विवरणपत्र भरणं हे त्या सल्लागाराचंच काम राहू द्या. तुम्ही मदत एवढीच करायची की महिना संपला की खरेदीची आणि विक्रीची बिलं क्रमाने लावून, यादीसकट, पाच तारखेच्या आत त्यांच्याकडे पोचती करायची. सल्लागार दुकानदाराच्या मागे सगळ्यात जास्त याचसाठी लागलेला असतो.

एक गोष्ट शाळांच्या बिलांबद्दल, कारण ती येणारच. कोणी मुख्याध्यापक किंवा बाबू म्हणेल, "ताई, तारीख मार्चमधली टाकून द्या, अनुदान खर्ची घालायचं आहे." बिलांचे क्रमांक ओळीने असतात, मे महिन्यात मार्चची तारीख टाकली की तो क्रम मोडतो, आणि बिलावर अक्षर तुमचं असतं. वाद घालू नका. "काकांना विचारून सांगते" म्हणा आणि बिल लिहू नका.

आता पत्र. ते 'माननीय महोदय' असं सुरू करू नका. ज्यांच्या दुकानातून लहानपणी पाटी आणि पहिला कंपास घेतला त्यांना महोदय म्हणणं त्यांनाही अवघड वाटेल. 'विषय', 'संदर्भ' असा सरकारी थाटही नको. एक पान, हाताने लिहिलेलं. तुमचं अक्षर आणि आकडे हेच इथे तुमचं प्रमाणपत्र आहे, रजिस्टर त्यातच लिहिलं जाणार आहे. साधारण असं:

> आदरणीय काका,
>
> सादर नमस्कार. मी (अमक्यांची) मुलगी. बी.कॉम. झाले आहे, सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास घरून करते.
>
> शाळा सुरू होण्याआधी तुमच्या दुकानातल्या वह्यांच्या रॅकची मोजणी करून, आवक-जावक-शिल्लक अशी नगांची नोंद ठेवण्याचं काम करण्याची माझी इच्छा आहे. शाळांना लागणारी तपशीलवार बिलंही तुमच्या बिलबुकात लिहून देईन. खरेदीचे भाव, उधारी आणि गल्ला यांच्याशी माझा संबंध राहणार नाही.
>
> सोमवार ते शुक्रवार दुपारी १ ते ३ या वेळात मी येऊ शकते. आधी चार आठवडे काम बघावं. दर आठवड्याला रॅक मोजून, कोणता माल कमी आहे आणि कुठे फरक आला ते एका कागदावर लिहून देईन. काम पटलं नाही तर तिथेच थांबू, रजिस्टर दुकानातच राहील.
>
> चार आठवड्यांच्या कामाचे ३,००० रुपये मिळावेत अशी विनंती आहे. माझी परीक्षा असेल तेव्हा आठ दिवस आधी सांगेन.
>
> तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा दुकानात येऊन भेटते.
>
> आपली,
> (नाव, गाव, फोन)

यात टॅली कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते काका विचारतील तेव्हा सांगा. 'रजिस्टर दुकानातच राहील' ही ओळ मात्र गाळू नका. आपला माल किती आहे याची नोंद कोणाच्या पिशवीतून घरी जाऊ नये, हे त्यांच्या मनात असतं आणि ते तोंडाने बोलत नाहीत. त्याच कारणाने रॅकचे किंवा बिलांचे फोटो मोबाइलमध्ये काढू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

वेळ दुपारची धरली आहे ती विचार करून. एक ते तीन दुकान थंड असतं, रॅक मोजायला जागा मिळते, आणि तुम्हाला उजेडी एसटीने गावी परतता येतं. संध्याकाळी दुकानाला माणूस जास्त लागतो हे खरं, पण तो काउंटरला. एकदा संध्याकाळी थांबलात की मोजणी सुटेल आणि तुम्ही विक्रीला उभ्या राहाल. मग शेवटची गाडी चुकण्याची काळजी वेगळीच. काका म्हणतील, "पोरी, गर्दीच्या टायमाले थोडी थांबत जाय ना." जूनअखेरच्या आठ-दहा दिवसांसाठी हो म्हणायला हरकत नाही, पण घरी जायची सोय आणि त्या तासांचे पैसे आधी बोलून घ्या.

पैशाबद्दल तुमची मैत्रीण म्हणते ते मला पटत नाही. पैशाचा उल्लेख नसलेल्या पत्राला दुकानदार दोन अर्थ लावतो: एक तर ही फुकट शिकायला येतेय, नाहीतर नंतर जास्त मागेल. दोन्ही तुमच्या तोट्याचे. मी चार आठवड्यांचे वीस दिवस, रोज दोन तास, असे चाळीस तास धरून तासाला ७५ रुपये लावले आहेत. तुम्ही तुमच्या गावचा हिशोब लावा. दुकानांमधल्या कामासाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं, गावाच्या वर्गाप्रमाणे ते वेगळं असतं, आणि त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. चालू दर कामगार कार्यालयात विचारा, दिवसाच्या दराला आठाने भागा, आणि त्या आकड्याच्या खाली जाऊ नका. एसटीचं भाडं त्यातून वजा करून पाहा. महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून हे काम परवडतंय, मुलगा असता तर हाच हिशोब कदाचित बसला नसता.

काका घासाघीस करतील. केली तर पैसे कमी करण्याआधी काम कमी करा: पाचाऐवजी तीन दिवस, किंवा बिलं सोडून फक्त मोजणी. त्याच पैशात 'झेरॉक्सही काढ, झाडूनही घे' असं वाढत गेलं तर एकदा हसून, पत्रातली ओळ दाखवून आठवण द्या. पत्र लेखी असण्याचा हाही उपयोग. आणि गल्ल्याचं पुन्हा सांगतो: काका जेवायला गेले आणि "जरा बस काउंटरला" म्हणाले तर बसा, पण त्या वेळात आलेले पैसे एका कागदावर ओळीने लिहा आणि ते आल्याबरोबर कागदासकट हातात द्या. संध्याकाळी गल्ल्यात दीडशे कमी निघाले तर नवीन माणसाकडेच पाहिलं जातं.

बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. त्यांना सांगा की काउंटरला उभं राहण्याचं काम मी मागितलेलंच नाही, पत्र वाचून बघा. आणि ते पत्र खरंच त्यांना आधी वाचायला द्या. दुकानदार ओळखीचे आहेत म्हणता, तर काका संध्याकाळी बाबांना विचारणारच, "पोरीनं चिठ्ठी आणली होती, तुम्हाला माहीत आहे का?" तेव्हा बाबांना माहीत नसेल तर काम तिथेच संपलं.

पत्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका. दुपारी, बाजाराचा दिवस सोडून, स्वतः नेऊन द्या, आणि "आत्ता वाचू नका, सावकाश वाचा" म्हणून दोन मिनिटांत निघा. काउंटरवर उभं राहून विचारलं तर दहापैकी नऊ दुकानदार "पाहू मंग, जून लागू दे" म्हणतात. जून लागल्यावर मोजणीला वेळ नसतो, म्हणून पत्र एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात, ठोक माल यायच्या आधी पोचायला हवं. रिकाम्या रॅकवर सुरुवातीची मोजणी अर्ध्या दिवसात होते, भरलेल्यावर तीन दिवस जातात. आठवडाभराने एकदा जाऊन विचारा. त्यावरही "पाहू" आलं तर ते नाही समजा आणि तिसऱ्यांदा जाऊ नका, ओळख तशीच राहू द्या.

नाही आलं तर त्याच गावातल्या कृषी केंद्राकडे बघा. खताच्या विक्रेत्याला साठ्याची नोंद कायद्यानेच ठेवावी लागते, अनुदानित खत पॉस मशीनवर विकावं लागतं, आणि मशीनमधली शिल्लक गोदामातल्या पोत्यांशी जुळली पाहिजे, नाहीतर तपासणीत प्रश्न येतात. त्यांचा हंगामही जूनचाच, आणि त्यांना मोजणाऱ्या माणसाची गरज स्टेशनरीवाल्यापेक्षा जास्त. पत्र हेच चालेल: 'वह्यांच्या रॅकची' च्या जागी 'खताच्या गोदामाची' लिहा, शाळांच्या बिलांची ओळ काढा, आणि 'पॉस मशीनची शिल्लक रोज रजिस्टरशी ताडून ठेवेन' एवढं त्यात घाला.